जुन्या लेन्सची प्रतवारी: ‘ब’ आणि ‘क’ यांच्यातली रेघ कुठे मारायची?

जुनाबाजार

नमस्कार मंडळी.

मी वापरलेले कॅमेरे, लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड असा माल घेतो, साफसूफ करतो, तपासतो आणि विकतो. पूर्वी एखाददुसरा नग असायचा, तेव्हा वर्णनात दोन-चार ओळी खरडल्या की भागायचं. आता एकाच मॉडेलच्या सात-आठ लेन्स एकदम यादीत असतात. गिऱ्हाईक विचारतं, "दोन्हींवर तुम्ही ‘उत्तम स्थिती’ लिहिलंय, भावात मात्र फरक आहे. मग दोघींत वेगळं काय?" आणि ते विचारतं ते रास्तच आहे.

त्यात हाताखाली एक मुलगा ठेवलाय. मी ज्या नगावर ‘वापराच्या किरकोळ खुणा’ लिहीन त्याला तो ‘जवळपास नवी’ म्हणतो, आणि कधीकधी बरोबर उलटं. गिऱ्हाइकाला काय, दोन्ही वर्णनं एकाच दुकानाची.

म्हणून अ, ब, क, ड अशा चारच प्रती ठरवायच्या आहेत. ‘अ’ काय आणि ‘ड’ काय हे सगळ्यांनाच कळतं. माझं घोडं पेंड खातंय ते मधे, ब आणि क पाशी. नमुन्यादाखल आत्ता टेबलावर असलेली लेन्स सांगतो: ५० मिमी, एफ १.८, जुनी, हाताने फोकस करायची. पुढच्या फिल्टरच्या कड्याला एक पोचा आहे. फोकस रिंगचं रबर पांढुरकं पडलंय. पुढच्या काचेवर पुसल्याच्या दोन बारीक रेघा. मागच्या काचेच्या कडेला बुरशीचा एक धागा, असेल तीनेक मिमी. डायफ्रॅमच्या पात्यांवर तेलाची चमक. तुम्ही हिला काय द्याल?

---

तळ्यातमळ्यात

चार प्रती कमी पडतील हो. दहापैकी गुण द्या, म्हणजे सूक्ष्म फरकही दाखवता येतो. ७ आणि ८ मधला फरक ‘ब’ मध्ये कुठे दिसणार? पायऱ्या जितक्या जास्त, माहिती तितकी जास्त.

बाकी ही लेन्स माझ्या मते ५.

---

चिमटा

माझ्या मते ६. झालं ना सुरू? :)

---

फोटोगिरी

मला तर प्रतवारीची भानगडच नको वाटते. भरपूर फोटो टाका, मोठे टाका, घेणारा स्वतः बघेल. अक्षर लावलं की ते तुमचं मत झालं, फोटो म्हणजे पुरावा.

---

तिरपा_उजेड

बरीच वर्षं लेन्स-कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीत आणि नंतर तपासणीच्या टेबलावर काढली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी फोटोगिरींचं. एकच नग विकायचा असेल तर त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण आठ लेन्सचे प्रत्येकी दहा फोटो कोणी शेजारी शेजारी लावून बघत नाही. शिवाय समोरून मऊ उजेड टाकला की अर्धे ओरखडे गायब होतात, आणि तिरपा टाकला की धडधाकट लेन्सही रणांगणातून आल्यासारखी दिसते. फोटो पुरावा आहे हे खरं, पण तो कुठल्या उजेडात काढला हे ठरलेलं नसेल तर त्यावरून दोन नगांची तुलना होत नाही.

आता मूळ प्रश्न. ब-क ची रेघ सापडत नाही, कारण त्या एका अक्षरात तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी कोंबताय. वस्तू चालते का, दिसते कशी, आणि लेन्सच्या बाबतीत काच कशी आहे. पोचा पडलेली पण स्वच्छ काचेची लेन्स आणि चकचकीत पण आत हेझ असलेली लेन्स, दोघींना ‘क’ दिला तर घेणाऱ्याला काय कळलं? पहिली फोटो काढणाऱ्याच्या कामाची, दुसरी फार तर कपाटात शोभेला ठेवणाऱ्याच्या.

तेव्हा हे तीन भाग सुटे करा.

चालणं ही प्रतवारी नाहीच. ते हो किंवा नाही. फोकस दोन्ही टोकांपर्यंत जातो, डायफ्रॅम झटकन बंद होतो आणि झटकन उघडतो, माउंट डगमगत नाही. यातलं एकही बिघडलेलं असेल तर ती लेन्स प्रतींमध्ये येतच नाही, ती ‘दुरुस्तीसाठी’ या वेगळ्या खणात जाते. तुमच्या लेन्सच्या पात्यांवर तेल आहे म्हणता. एफ १६ वर ठेवा, मागचा खटका बोटाने दाबून सोडा आणि पाती बघा. डोळ्याला हालचाल दिसली, म्हणजे पाती सरकत सरकत जागेवर आली, तर ती नापास. टचकन बसली तर पास, आणि ‘पात्यांवर तेल’ अशी नोंद. कॅमेरा शटर उघडण्याच्या ऐन क्षणी पाती मिटवतो. ती रेंगाळली तर फोटो ठरल्यापेक्षा उजळ येतो. म्हणून तेल दिसण्यापेक्षा पात्यांचा वेग महत्त्वाचा.

बाह्यरूपाला अक्षर द्या, पण विशेषणांवर नको. कोणीही करून बघेल अशा कसोटीवर द्या. मी अशी लावत असे:

अ – पांढऱ्या एलईडी दिव्याखाली, ३० सेंमीवरून, हातात फिरवत दहा सेकंद बघितलं तर काही दिसत नाही. तिरप्या उजेडात बारीक रेघा दिसल्या तरी चालतील.

ब – ३० सेंमीवरून खुणा दिसतात, पण त्यावरून नख फिरवलं तर अडकत नाही.

क – नख अडकतं, किंवा रंग उडून खालचा धातू दिसतो.

ड – चीर, पोचा, तुटलेला किंवा नसलेला भाग. काम मात्र पूर्ण करते.

काचेला आकडा द्या, १, २, ३. म्हणजे यादीत ‘ब१’, ‘क२’ असं दिसेल. काचेवर नख लावायचं नाही हे वेगळं सांगायला नको, कोटिंग जातं.

आणि सरासरी काढायची नाही. सर्वांत वाईट दोष जो असेल तीच प्रत. नऊ बाजू ‘अ’ आणि एक पोचा असेल तर ती ‘ड’च. सरासरी काढली की पोचा त्या नऊ बाजूंमागे लपतो.

---

तळ्यातमळ्यात

म्हणजे अगदी लखलखीत लेन्स एका पोच्यामुळे ‘ड’? हा अन्याय आहे राव.

---

तिरपा_उजेड

अन्याय वाटतो खरा, पण विचार कोणाच्या बाजूने करायचा? ‘ब’ बघून घेतलेल्याच्या हातात पोचा आला तर तो परत पाठवतो. ‘ड, एकच पोचा, बाकी स्वच्छ’ असं वाचून घेतलेला खूश असतो. अक्षर वाईटातलं वाईट सांगतं, बाकीचं एका ओळीच्या नोंदीत.

आणि दहा गुणांबद्दल. जास्त पायऱ्या म्हणजे जास्त माहिती, हे तेव्हाच खरं जेव्हा तीच वस्तू तोच माणूस आठवड्याने पुन्हा बघून तोच आकडा देईल. वरच बघा, तुम्ही ५ दिले, चिमटा यांनी ६. असा एका गुणाचा फरक तपासणाऱ्याच्या डोळ्यातला आहे की लेन्समधला, हे घेणाऱ्याला कळायचा मार्ग नाही.

---

चिमटा

मी तर लेन्स न बघताच ६ दिले होते. असो.

---

रबडीमलई

माझा अनुभव लॅपटॉपचा. ऑफिसांमधून निघालेले घेऊन विकतो. आमच्याकडे बॅटरीवरून फार वाद होतात, त्यामुळे बॅटरी वाईट असली की आम्ही सरळ ‘क’ देतो. मशीन कितीही चकाचक असो.

विंडोजवर बघायचं असेल तर:

```
powercfg /batteryreport
```

कमांड चालवली की एक फाइल बनते. त्यात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` असे दोन आकडे असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. ८०% च्या खाली गेलं की आमच्याकडे ‘क’.

---

तिरपा_उजेड

रबडीमलई, तुमच्याकडे तर सोन्यासारखा आकडा आहे, तो अक्षरात का विरघळवता? ७९% चं मशीन ‘क’ आणि ८१% चं ‘ब’, आणि दोन्ही दिसायला सारखीच. मोजता येतं ते मोजूनच लिहा: ‘ब, बॅटरी ७९%’. डोळ्याने ठरवायचं असेल तिथेच प्रत लागते. कॅमेऱ्यात शटर किती वेळा पडलं त्याचा आकडाही असाच, अक्षराशेजारी सुटा लिहायचा.

---

रबडीमलई

हम्म. पण आमचं गिऱ्हाईक अक्षरच बघतं. आकडा लिहिला तरी वाचत नाही आणि नंतर फोन करतं.

---

शाईचाडाग

मी विकणारी नाही, घेणारी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. मला एकच अक्षर हवं. ‘ब२’ आणि ‘क१’ यातली चांगली कोणती? मी यादी क्रमाने लावून वरच्या चार बघते. तुम्ही दोन खुणा दिल्या की मला प्रत्येक नगाला डोकं चालवावं लागणार.

---

तिरपा_उजेड

शाईचाडाग, तुम्ही लेन्स कशाला घेता त्यावर उत्तर अवलंबून आहे, आणि ते मला ठरवता येत नाही. फोटोसाठी घेत असाल तर आधी आकड्याने लावा, मग अक्षराने. संग्रहासाठी घेत असाल तर उलट. विकणाऱ्याने दोन्ही एकत्र केलं तर तो निर्णय तुमच्या वतीने त्याने घेतल्यासारखं होतं.

---

शाईचाडाग

पटलं असं म्हणत नाही, पण मुद्दा समजला. निदान क्रम लावायची सोय दोन्ही खुणांवर द्या.

---

मोडकातोडका

मला वाटतं धागाकर्त्यांचा खरा प्रश्न भावाचा आहे. ‘अ’ पेक्षा ‘ब’ किती स्वस्त आणि ‘ब’ पेक्षा ‘क’ किती, हे एकदा ठरवून टाका. प्रत्येक प्रतीला ठरावीक टक्के कापा, झालं काम.

---

जुनाबाजार

नाही हो, भाव माझे मी बघतो. मला फक्त एकसारखं वर्णन हवंय.

---

दमडीमोल

भाव आणि प्रत यांची गाठ मारायचा प्रयोग नाण्यांत होऊन गेलाय, म्हणून सांगतो. नाण्यांची ७० अंशांची मोजपट्टी आहे ना, ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली. मुळात ती अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी होती, आणि ७० हा आकडा भावातूनच आला होता. १ अंशाच्या नाण्याच्या सत्तर पट भाव ७० अंशांच्या नाण्याला, असा हिशेब. बाजार बदलला तसं ते गणित कोलमडलं. उत्तम नाण्यांचे भाव त्या प्रमाणाच्या कितीतरी पुढे गेले. मोजपट्टी उरली, पण फक्त स्थिती सांगण्यासाठी. तेव्हा मोडकातोडका, टक्के कापायचे तर वेगळ्या वहीत कापा.

जाता जाता, ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या प्रचलित प्रतवारीत ‘गुड’ म्हणजे चांगली खरखर करणारी तबकडी. नवखा माणूस ‘गुड’ वाचून घेतो आणि डोक्याला हात लावतो. अक्षरं ठेवली तर निदान ही फसगत होत नाही.

---

जुनाबाजार

तिरपा_उजेड, काचेचे १-२-३ नीट सांगाल का? टॉर्च लावला की मला प्रत्येक लेन्स भंगारात काढावीशी वाटते.

---

तिरपा_उजेड

तसं वाटतंच. जुन्या लेन्समध्ये धूळ असते, आणि एलईडी टॉर्च तिची नक्षत्रमाला करून दाखवतो. फोटोत ती धूळ दिसत नाही. म्हणून तपासण्या दोन लागतात.

पहिली टॉर्चची. डायफ्रॅम पूर्ण उघडा, लेन्स काळ्या कापडासमोर धरा, मागून उजेड टाका आणि पुढून थोडं तिरकं बघा. सरळ बघाल तर डोळे दिपतील आणि काही कळणार नाही. धूळ सुट्या ठिपक्यांसारखी दिसते. बुरशीला फांद्या फुटलेल्या असतात. हेझ म्हणजे सगळ्या काचेवर श्वास सोडल्यासारखा सारखा पडदा. आणि कडेने इंद्रधनुष्यासारखी किंवा चंदेरी झळाळी दिसली तर चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्यात.

दुसरी तपासणी साध्या उजेडाची. टॉर्च बंद. लेन्स पांढऱ्या भिंतीकडे धरून आरपार बघा.

मग आकडा असा:

१ – टॉर्चमध्येही फक्त धूळ.

२ – पुसल्याच्या रेघा, कोटिंगवरचे डाग टॉर्चमध्ये दिसतात, भिंतीकडे धरल्यावर दिसत नाहीत.

३ – साध्या उजेडातही दिसतं. शिवाय जिवंत बुरशी, हेझ आणि काचा सुटणं हे कुठेही, कितीही असलं तरी ३.

शेवटचं वाक्य काहींना जाचक वाटेल. पण बुरशी आज तीन मिमी म्हणून २ दिला आणि घेणाऱ्याने ती दमट कपाटात ठेवली, की पुढच्या पावसाळ्यात त्याच्याकडे वेगळीच लेन्स असेल. वाढणाऱ्या दोषाला आकारावरून माफी देता येत नाही.

आता तुमची ५० मिमी. मी असा जाईन.

आधी साफ करा, मग प्रत द्या. रबरावरचं पांढुरकं बऱ्याचदा वरवरचं असतं, ओल्या कापडाने आणि मऊ ब्रशने जातं. साफ न करता प्रत दिली तर तुम्ही मळाला प्रत देताय.

मग पाती. रेंगाळली तर थांबा. ती ‘दुरुस्तीसाठी’ खणात, तिला अक्षर नाही, आकडा नाही. एकतर तशीच विका किंवा उघडून साफ करून घ्या. उघडलीच तर मागची बुरशीही साफ होईल.

साफ झाल्यावर काच पुन्हा बघा. बुरशीने कधीकधी कोटिंग खाल्लेलं असतं, धागा गेला तरी त्याची छाया राहते. ती छाया फक्त टॉर्चमध्ये दिसली तर २, भिंतीकडे धरून दिसली तर ३. पुढच्या काचेवरच्या दोन रेघा एकट्या असत्या तर २. म्हणजे काच बहुधा २.

पोचा माझ्या नियमाने ड. एकूण ‘ड२’, आणि नोंदीत ‘फिल्टर कड्याला एक पोचा, मागच्या काचेची बुरशी साफ केलेली’.

---

फोटोगिरी

‘बुरशी साफ केलेली’ हे लिहायचंच का? गेली ना ती. उगाच घेणारा बिचकतो.

---

शाईचाडाग

लिहायचंच. मला नंतर कळलं तर मी त्या विक्रेत्याकडे पुन्हा फिरकणार नाही.

---

तिरपा_उजेड

मीही लिहीन. पण हे मान्य करायला हवं की उघडून साफ केलेली लेन्स कधीकधी न उघडलेल्या धुळकट लेन्सपेक्षा सरस असते, आणि नोंद वाचून लोक नेमकी तीच टाळतात. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही.

---

घड्याळजी

पोच्याबद्दल माझं मत वेगळं. कडं वाकल्यामुळे फिल्टर बसत नसेल तर ते ‘चालणं’ या सदरात नाही का जाणार? फिल्टर लावणं हेही त्या कड्याचं कामच.

---

तिरपा_उजेड

चांगला मुद्दा. मी असं करत असे: एक साधा फिल्टर जवळ ठेवायचा आणि फिरवून बघायचा. पूर्ण बसला तर नुसता पोचा, म्हणजे ड. आटा धरतच नसेल तर ड च, पण नोंद ठळक: ‘फिल्टर बसत नाही’. ‘दुरुस्तीसाठी’ मध्ये मी टाकत नसे, कारण फोटो तर निघतो. तुम्ही टाकलीत तरी मी भांडणार नाही, फक्त सगळ्या लेन्सना तोच नियम लावा.

---

जुनाबाजार

फिल्टर बसत नाहीये, दोन आट्यांनंतर अडतो. पाती मात्र टचकन बसली! आश्चर्य आहे, तेल तर भरपूर दिसतंय. म्हणजे सध्या न उघडता गेली तर ‘ड३’, जिवंत बुरशीमुळे. बरोबर ना?

---

तिरपा_उजेड

बरोबर. उघडली तर ड२ होण्याची शक्यता. उघडण्याचा खर्च निघतो का ते तुमचं तुम्ही बघा. पात्यांचं मात्र गरम आणि थंड अशा दोन्ही वेळी बघा. थंडीत तेल घट्ट होतं, तेव्हा तीच पाती रेंगाळतात.

आता खरं काम. तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघांनी वेगवेगळ्या लेन्स नाही, त्याच वीस लेन्स घ्या. एकमेकांचं न बघता अक्षरं लिहा. खरेदीचा भाव झाकून ठेवा, कारण महाग घेतलेली लेन्स डोळ्यांना आपोआप बरी दिसते. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि जुळल्या किती हे बघण्यापेक्षा कुठे फाटलं ते बघा.

---

जुनाबाजार

केलं. फक्त बाह्यरूपाचं अक्षर. वीसपैकी तेरा जुळल्या. न जुळलेल्या सातांत पाच ब-क च्या, दोन अ-ब च्या. म्हटलं पासष्ट टक्के, वाईट नाही.

---

दमडीमोल

जरा थांबा. दोघांनी मिळून ‘ब’ किती दिले?

---

जुनाबाजार

मी बारांना, त्याने अकरांना.

---

दमडीमोल

मग हवेत जाऊ नका. माल बहुतेक ‘ब’च असेल तर दोघांनी डोळे मिटून ‘ब’ लिहिले तरी बरेच जुळतात. तुमच्या आकड्यांनी नुसत्या योगायोगाने ‘ब’ मध्येच सहा-सात जुळले असते. तेरातले तितके बाजूला काढा आणि मग बघा.

---

तिरपा_उजेड

बरोबर बोललात. पण ते पाच ब-क कशावरून फाटले? तिथे काहीतरी सापडेल.

---

जुनाबाजार

बघितलं. पाचपैकी चार एकाच गोष्टीवरून! फोकस रिंगच्या आणि माउंटच्या कडांवर रंग घासून धातू दिसतोय. मुलाने तुमचा नियम शब्दशः लावून ‘क’ दिला. मी म्हटलं एवढ्या जुन्या लेन्सच्या कडा घासणारच, आणि ‘ब’ दिला.

---

तिरपा_उजेड

म्हणजे मुलाने नियम नीट वाचला, तुम्ही अनुभव वापरला. दोघांचंही चुकलेलं नाही, माझं वाक्य अपुरं होतं. धातूच्या जुन्या लेन्सच्या कडा झिजतातच, त्यामुळे त्या नियमाने अख्खी पिढी ‘क’ मध्ये जाईल आणि ‘क’ ला अर्थ उरणार नाही. वाक्य असं करा:

ब – ... नख अडकत नाही. कडांवर रंग झिजलेला चालेल.

क – नख अडकतं, किंवा सपाट भागावरचा रंग उडून धातू दिसतो.

मग नव्या वीस लेन्सवर पुन्हा करा. त्याच घेऊ नका, आधीची उत्तरं लक्षात असतात.

आणि एक काम आजच करा. टेबलावर नमुने ठेवा, पण ‘ब’ चा साधारण नमुना नको. ‘ब’ मध्ये जेमतेम बसणारी, सर्वांत खराब लेन्स ठेवा. हातातला नग तिच्याहून वाईट दिसला की तो ‘क’. सकाळपासून दहा भंगार लेन्स हाताळल्या की अकरावी बरी दिसू लागते, तिथे वाचलेली व्याख्या कामाला येत नाही, शेजारी ठेवलेला नग येतो. तो विकायचा नाही. विकावाच लागला तर त्याच तोडीचा दुसरा आधी जागेवर ठेवायचा.

---

तळ्यातमळ्यात

आणि खोकं, झाकणं, हूड? ‘अ’ ला खोकं हवंच ना?

---

घड्याळजी

अजिबात नको. खोक्यासाठी वेगळा रकाना. घड्याळांत हीच भानगड, खोकं आणि कागद असले की लोक ओरखड्यांकडे डोळेझाक करतात.

---

रबडीमलई

+१. आमच्याकडे चार्जर.

---

मोडकातोडका

बरं, भाव सोडला. मग हे सगळं लिहिल्यावरही माल परत आला तर?

---

तिरपा_उजेड

तो येणारच. आलेल्या प्रत्येक नगावर त्याची प्रत आणि परतीचं कारण लिहून ठेवा. ‘वर्णनापेक्षा खराब’ म्हणून परत आलेल्यांत ‘ब’ जास्त असतील तर तुमचा ‘ब’ सैल आहे. आणि ‘क’ घेणाऱ्यांकडून ‘अपेक्षेपेक्षा छान निघाली’ असंच सतत ऐकू येत असेल तर हुरळू नका, तुमचा ‘क’ फार कडक आहे आणि चांगला माल तिथे अडकतोय.

---

जुनाबाजार

दुसऱ्या वीस लेन्स झाल्या. सतरा जुळल्या, ‘ब’ या वेळी दोघांचेही नऊ. ब-क चा एकही फाटला नाही, क-ड चा एक फाटला: लेन्सवर कुणीतरी टोकदार सुईने नाव कोरलंय. नख अडकतं म्हणून मुलगा ‘क’ म्हणतो. मला तो ‘ड’ वाटतो, वस्तू विद्रूप केल्यासारखी आहे.

---

घड्याळजी

‘क’. नियम तो नियम. नोंदीत लिहा.

---

शाईचाडाग

‘ड’. मी कोणाचं तरी नाव हातात घेऊन फिरणार नाही.

---

दमडीमोल

नाण्यांत असं कोरलेलं असेल तर आकडा देतच नाहीत, ‘कोरलेलं’ अशी वेगळी चिठ्ठी लावतात.

---

तिरपा_उजेड

मी ‘क’ देऊन कोरलेल्या जागेचा जवळून फोटो पहिलाच लावला असता. पण दमडीमोल म्हणतात तशी वेगळी चिठ्ठीही वाईट नाही. असे नग किती येतात तुमच्याकडे? महिन्याला एखादाच असेल तर त्यासाठी नियम बदलू नका. सारखे येत असतील तर चिठ्ठी करा.

---

जुनाबाजार

कॅमेऱ्यांच्या तळाला कोरलेले बरेच येतात, कुठल्या तरी संस्थेचे क्रमांक असतात. लेन्सवर क्वचित. कॅमेऱ्यांची वीस उद्या लावतो, त्यात कळेल.